तीन फुटी टाकीचे तीन लेआउट: फोटोंवरून कुठला निवडावा?

निवळशंख

नमस्कार मंडळी. टाकी एकच आहे, ९०×४५×४५ सेंमीची. तिच्यात आतापर्यंत तीन लेआउट झाले आणि तिन्हींचे फोटो माझ्याकडे आहेत. आता टाकी पूर्ण रिकामी करून नव्याने लावायची आहे, तेव्हा तिघांपैकी कुठल्या वाटेने जावं हे ठरत नाहीये. फोटो जोडलेत, पण मोबाइलवर उघडत नाहीत अशी तक्रार नेहमी असते म्हणून शब्दांतही लिहितो.

फोटो १, बेट. मधोमध स्पायडरवूडची दोन खोडं, त्यांवर अनुबियास नाना आणि जावा फर्न बांधलेलं, खोडांच्या मागे रोटालाची जुडी. चारही बाजूंनी पांढरी वाळू.

फोटो २, दरी. डावीउजवीकडे काळ्या दगडांच्या दोन टेकड्या आणि मधून मागे निमुळती होत जाणारी वाळूची वाट. टेकड्यांवर माँटे कार्लोचा गालिचा, मागच्या दोन्ही कोपऱ्यांत रोटाला पार पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत. अ‍ॅक्वासॉइल पुढे ४ सेंमी, मागे १६.

फोटो ३, उतार. सगळा भार डावीकडे. एक मोठं खोड डावीकडून उजवीकडे कललेलं, त्याखाली क्रिप्टोकोरायन वेंडटाय, मागे व्हॅलिसनेरिया. उजवीकडे मोकळी वाळू आणि दोनचार गोटे. सध्या हाच चालू आहे.

मासे तिन्ही वेळा तेच: चौदा झेब्रा डॅनिओ आणि तळाला सहा कोरी. झाडं कुठे शोभतात, माशांना पोहायला जागा कुठे जास्त आणि कुठला लेआउट ‘बनवलेला’ वाटत नाही, या तीन गोष्टींवर मत हवंय.

तिसरा_डोळा

यात विचारण्यासारखं काय आहे, फोटो २! ती वाट नजर थेट आत ओढून नेते. फोटो १ मध्ये विषय बरोबर मध्यावर आहे, त्यामुळे पासपोर्ट फोटो वाटतो. फोटो ३ मध्ये नजर कुठे ठरत नाही. सोनेरी गुणोत्तर पाळलं की लेआउट आपोआप नैसर्गिक दिसतो, आणि २ मध्ये वाटेचं टोक बरोबर त्या जागी पडलंय.

सांजवात

२ ला माझंही मत. दिवाणखान्यात असली टाकी असेल तर टीव्ही लावायची गरज नाही.

बशीतला_मासा

माझ्याकडे काचेचा गोल वाडगा आहे, त्यात दोन गोल्डफिश. मागे एक वेल सोडलाय. तोही फोटोत छान दिसतो. पण वाडग्याच्या काचेला हिरवट थर येतो तो कशाने जाईल?

पाणकणीस

फोटो २ सुंदर आहे, वाद नाही. पण त्यात एकही मासा दिसत नाही हे कुणाच्या लक्षात आलं का? निवळशंख, मासे तेव्हा टाकीत होते की फोटोसाठी बाजूला काढले होते?

आणखी एक. तिन्ही फोटो वेगवेगळ्या पद्धतीने काढलेत. १ अगदी काचेजवळून, बहुधा फोनच्या रुंद लेन्सने; पुढच्या वाळूचा पट्टा प्रमाणाबाहेर मोठा आलाय. २ लांबून, पाठीमागे पांढरा उजेड टाकून, फिल्टरचे पाइप काढून. ३ संध्याकाळी सोफ्यावरून, तोही किंचित वरून. असे फोटो शेजारी ठेवले की आपण लेआउटची नाही, छायाचित्रणाची तुलना करतो. छाटणीनंतर किती दिवसांनी काढले तेही सांगा.

बशीतला_मासा, तुमच्या वाडग्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहीन. गोल्डफिशला मुळात वाडगा नकोच.

निवळशंख

मासे होते, पण फोटो काढताना दिवा खूप वाढवला होता, बहुतेक दगडामागे गेले असावेत. २ चा फोटो छाटणीनंतर माँटे कार्लो पुन्हा दाट झालं तेव्हाचा, म्हणजे तो लेआउट त्याच्या ऐन बहरात होता. ३ ची छाटणी बराच काळ केलेली नाही, कबूल. सगळे फोनने काढलेत. फक्त २ च्या वेळी फोन स्टँडवर लावून मागे सरकलो होतो.

पाणकणीस

म्हणजे ३ वर अन्याय होतोय. चालू टाकीचा फोटो पुन्हा काढा. फोन दीड-दोन मीटर मागे, दुप्पट झूम, कॅमेरा टाकीच्या उंचीच्या मध्यावर आणि काचेला समांतर. खोलीतले दिवे बंद, फक्त टाकीचा चालू. त्याआधी व्हॅलिसची पृष्ठभागावर लोळणारी पानं काढून टाका.

आणि एक फोटो वरून हवा, तिन्ही लेआउटचा असेल तर उत्तम. समोरचा फोटो लांबी आणि उंची दाखवतो, पुढून मागची खोली तो गिळून टाकतो. पोहायची जागा तर नेमकी त्या खोलीत असते. त्यात पाण्याचाही खेळ असतो. समोरून पाहताना पाण्याची खोली पाऊणपटच भासते. तुमच्या टाकीत आतली खोली ४३ सेंमी असेल, ती डोळ्याला ३२ च्या आसपास वाटते. म्हणून कोरड्या टाकीत भरपूर आत गेलेली वाट पाणी भरल्यावर आखूड वाटते, आणि लोक मग मागचा उतार आणखी चढवतात.

तिसरा_डोळा

लेन्सने एवढा फरक पडत नाही हो. फोनमध्ये विकृती आपोआप दुरुस्त होते.

पाणकणीस

कडा वाकलेल्या दिसतात ती विकृती फोन दुरुस्त करतो. जवळून काढल्यामुळे पुढचं मोठं आणि मागचं लहान दिसतं ते अंतरामुळे; त्याला दुरुस्ती नाही, मागे सरकणं हाच उपाय. एकाच टाकीचे अर्ध्या मीटरवरून आणि दोन मीटरवरून फोटो काढून बघा, वाळूचा पट्टा किती बदलतो ते.

निवळशंख

नवा फोटो जोडतोय. वरून काढलेले २ आणि ३ चे सापडले. १ चा नाही, पण बेटाची मापं वहीत होती त्यावरून आराखडा काढलाय.

आतलं माप ८८×४३, पाणी ४२ सेंमीपर्यंत. बेट साधारण ४० सेंमी लांब आणि २२ रुंद. पुढे १२ सेंमी वाळू, मागे ९, पण त्या ९ मध्येच रोटाला होती. दरीत टेकड्यांचा पायथा पुढच्या काचेपासून १२ सेंमीवर. वाट तोंडाशी १४ सेंमी रुंद, मागे जेमतेम ३. उतारात डावीकडचे ३५ सेंमी झाडांनी आणि खोडाने भरलेले, उजवीकडचे ५३ सेंमी पुढपासून मागपर्यंत मोकळे.

नवा फोटो पाहून घरात सगळे म्हणाले, ही आपलीच टाकी का?

सांजवात

खरंच वेगळी दिसतेय. तरी माझं मत २ लाच.

शेवाळशत्रू

जागेचा हिशेब सोपा आहे. तुमची टाकी १८० लिटरची, म्हणजे ४८ गॅलन. गॅलनमागे एक इंच मासा. चौदा डॅनिओ धरा २१ इंच, कोरी धरा १२. एकूण ३३. अजून जागा शिल्लक आहे, लेआउट कुठलाही घ्या.

आणि पोहण्यासाठी बेट सर्वांत चांगलं, कारण माशाला भोवती फेरी मारता येते, कुठे अडत नाही.

पाणकणीस

बेटाचं अर्धं बरोबर. गोल फेरी हा डॅनिओंना फार आवडणारा प्रकार आहे, पण मागची बाजू खरोखर मोकळी असेल तर. तिथे ९ सेंमीत रोटाला उभी केली की ती फेरी फक्त आराखड्यात उरते. शिवाय बेटामागे पाणी साचून राहतं, विष्ठा आणि सडकी पानं तिथेच गोळा होतात, आणि समोरून ते दिसतही नाही. रोटाला काढून तिथे काहीच न लावता बेट केलं तर तुमचं म्हणणं पूर्ण पटेल.

इंच-गॅलनने मात्र फसगत होते. १८० हे रिकाम्या काचेचं बाहेरचं माप. आत ८८×४३×४२ म्हणजे १५९ लिटर. दरीच्या लेआउटमध्ये सॉइलची सरासरी उंची १० सेंमी धरली तर ३८ लिटर जागा मातीखाली गेली. दगड वजा करा, ११० च्या आसपास उरलं. उतारात वाळू सरासरी ५ सेंमी, म्हणजे १९ लिटर. खोड आणि झाडं धरूनही बरंच जास्त पाणी उरतं. एकाच काचेत एवढा फरक.

तरी माझ्यासाठी लिटर दुय्यम आहेत. डॅनिओ लांबीत धावतो. त्याला सरळ, न तुटणारी लेन हवी, तीही वरच्या अर्ध्या पाण्यात. कोरीला हवा तळ: बारीक, बोथट वाळूचा सलग तुकडा, जिथे तोंड खुपसता येईल. म्हणून ‘पोहायला जागा किती’ याऐवजी ‘कुठल्या थरात, कुठल्या माशाला’ असं विचारते.

दरीत वरच्या थरात डॅनिओंना ८८ सेंमीची पूर्ण लांबी मिळते, कारण टेकड्या पाण्याखालीच संपतात. पण रोटाला पृष्ठभागाला पोचली की पुढे वाकते आणि ती लेन मागून खात येते. छाटणीच्या आठवड्यात लेन रुंद, महिन्याभराने निम्मी. फोटो नेमका छाटणीनंतरच्या चांगल्या दिवसांतला. कोरींची अवस्था त्याहून वाईट: त्यांना पुढचा १२ सेंमीचा पट्टा आणि वाटेचं तोंड, बस. मागची निमुळती वाट आपल्या डोळ्यांसाठी आहे, ३ सेंमीत कोरी वळणार कशी?

उतारात डावीकडे आडोसा आणि उजवीकडे मैदान आहे. घाबरले की खोडाखाली, भूक लागली की वाळूवर. तुमच्या माशांचं मत विचारलं तर ते ३ ला पडेल असं मला वाटतं.

व्हाळावरचो

सावंतवाडीकडचो मी, टाकी ठेवणारो न्हय, पण व्हाळात लहानपणापासून पाय बुडवून बसलेलो. तिसऱ्या मुद्द्यावर दोन शब्द, सगळ्यांना कळेल असं लिहितो.

फोटो २ सारखं आमच्या व्हाळात काय नसता. तिथे गवताचा गालिचा तळाला नसतो. मोठा धोंडा अर्धाअधिक वाळूत रुतलेला असतो, वर ठेवलेला नसतो. धोंड्याच्या वरच्या अंगाला पाणी आपटतं, तिथली वाळू धुऊन खळगी पडते आणि खालच्या अंगाला, जिथे पाणी मंदावतं, तिथे बारीक वाळू, काटक्या आणि कुजकी पानं साठतात. बारके गोटे मोठ्याच्या पायथ्याशी, तेही एकाच बाजूला. झाडाची मुळं काठावरून पाण्यात उतरतात. क्रिप्टोकोरायन म्हणता ना, तसली लांब पानांची रोपं काठालगत, मुळांच्या आधाराने उभी असतात आणि सगळ्यांची पानं प्रवाहाच्या दिशेने झुकलेली. पावसात हे सगळं पाण्याखाली, उन्हाळ्यात निम्मं उघडं.

फोटो ३ त्याला जवळ आहे. फक्त उजवीकडचे गोटे कुणीतरी मोजून सारख्या अंतरावर ठेवल्यासारखे दिसतात.

पाणकणीस

हे वाचून धागा वसूल झाला. कोकणातल्या ओढ्यांत क्रिप्टोकोरायन रेट्रोस्पायरलिस आणि स्पायरलिस सापडतात, तुम्ही त्यांचंच वर्णन करताय असं वाटतं. निवळशंख, बाजारात वेंडटाय मिळतं ते श्रीलंकेचं, पण काठालगत लावायची रीत तीच ठेवता येईल. (आणि हो, व्हाळातून रोपं उपटून आणू नका कुणी, वाचणाऱ्यांसाठी सांगून ठेवते.)

तिसरा_डोळा

निसर्ग म्हणजे फक्त व्हाळच का? दोन डोंगरांमधली दरी हाही निसर्गच. तकाशी आमानो मुळात निसर्गदृश्यांचे छायाचित्रकार होते. मोठ्या फिल्मवर जंगलं टिपायचे आणि तेच टाकीत आणायचे. त्यांनी २००१ साली सुरू केलेल्या जागतिक स्पर्धेत आजही निकाल लागतो तो एका फोटोवरून. मग फोटो २ खोटा कसा?

पाणकणीस

खोटा म्हणत नाही. डोंगराचं चित्र पाण्यात मांडणं ही स्वतंत्र कला आहे, तिची मजाही वेगळी. पण त्या स्पर्धेच्या मी पाहिलेल्या नियमांत सगळ्यात जास्त गुण माशांना नैसर्गिक अधिवास वाटेल अशी जागा तयार केली का, यालाच होते. आणि फोटोवर निकाल म्हणूनच लोक पाइप काढतात, मागे पांढरा उजेड लावतात, हेअर ड्रायरने पृष्ठभागावर लहरी उठवतात. फोटो काढून झाला की पाइप परत. घरच्या टाकीत पाइप रोज दिसणार आहे.

आमानोंचं शेवटचं मोठं काम लिस्बनच्या मत्स्यालयातलं, २०१५ चं, ४० मीटर लांबीचं. त्याच वर्षी ते गेले. त्याचे फोटो शोधून पाहा. झाडांचे आणि खोडांचे ढीग आहेत, पण पुढून आणि वरून हजारो मासे एका दिशेने जाऊ शकतील एवढं पाणी रिकामं सोडलंय. रिकामं पाणी हा त्यांच्या मांडणीचाच भाग असायचा.

दरी नैसर्गिक दिसते की नाही हे मात्र बघणाऱ्यावर आहे, तिथे मी हट्ट करणार नाही.

शेवाळशत्रू

सोनेरी गुणोत्तराचं पुढे कुणी बोललंच नाही. ३ मध्ये खोडाचा शेंडा कुठे येतो?

निवळशंख

डावीकडून मोजला तर ४१ सेंमीवर.

पाणकणीस

सोनेरी गुणोत्तरासाठी ८८ ला ०.३८ ने गुणा, साडेतेहतीस येतात. म्हणजे शेंडा मध्याकडे सरकलाय, त्यामुळे उजवीकडची मोकळीक फोटोत जेवढी हवी तेवढी जाणवत नाही. सात-आठ सेंमी डावीकडे नेला तर बरा दिसेल. पण गुणोत्तराने फक्त जागा ठरते, नैसर्गिकपणा येत नाही. पंगतीतल्या पत्रावळींसारखी सारख्या अंतरावर झाडं लावली तर शेंडा कुठेही असो, लावलेलंच दिसणार.

फोटो पारखायचे माझे दोन उपाय सांगते. एक, फोटो काळा-पांढरा करून टपाल तिकिटाएवढा लहान करा. तपशील जातात आणि फक्त गडद आणि उजळ ठिगळं उरतात. १ मध्ये मधोमध एक काळा गोळा दिसेल. २ मध्ये दोन जवळपास सारखे गोळे, हाच त्याचा दोष. दोन टेकड्यांत थोरली-धाकटी हवी, इथे जुळ्या आहेत. ३ मध्ये डावीकडे गडद आणि उजवीकडे उजळ, पण व्हॅलिसच्या उभ्या रेघांनी वरची कड कुंपणासारखी सरळ झालीय. दुसरा उपाय, फोटो आरशासारखा उलटा करा. रोज पाहून डोळा सरावतो, उलटा केला की जे खुपतं ते लगेच दिसतं.

सांजवात

तिकिटाएवढा करून पाहिला. २ मधल्या त्या जुळ्या टेकड्या आता डोळ्यांपुढून हलेनात! छान चाललेलं माझं मत बिघडवलंत.

निवळशंख

मी आणखी एक केलं. चालू टाकीचा दोन मिनिटांचा व्हिडिओ घेतला, दर दहा सेकंदांनी थांबवला आणि प्रत्येक डॅनिओ जिथे दिसेल तिथे कागदावर ठिपका दिला. दरीच्या वेळचा एक जुना व्हिडिओ होता, त्याचंही तेच केलं. दरीत जवळपास सगळे ठिपके वरच्या पुढच्या पट्टीत, वाटेच्या आत एकही नाही. उतारात ठिपके उजवीकडच्या दोन तृतीयांशात पसरलेले, काही खोडाखाली.

तिसरा_डोळा

तुम्ही फोन धरून समोर उभे होतात ना? मासे खाणं मिळेल म्हणून पुढेच येणार. दरीतले ठिपके म्हणजे लेआउटचा पुरावा होत नाही.

पाणकणीस

हा मुद्दा शंभर टक्के बरोबर. फोन स्टँडवर लावून खोलीबाहेर जा, दहा मिनिटांनंतरचा भाग मोजा, आणि खाणं दिल्यानंतर तासभर जाऊ द्या. फक्त ठिपके बघू नका, वळणंही बघा. लेन पुरेशी असेल तर डॅनिओ टोकापर्यंत जाऊन सावकाश वळतात. कमी पडली की मध्येच झटक्याने वळतात, एकमेकांचा पाठलाग वाढतो, नाहीतर सगळे एकाच कोपऱ्यात काचेला लागून वरखाली करत राहतात.

निवळशंख

केलं. उतारात ठिपके तसेच पसरलेले आले, किंबहुना खोडाखालचे वाढले. वळणं बहुतेक काचेपाशीच. दरीचा व्हिडिओ मात्र पुन्हा घेणं शक्य नाही, त्यामुळे तो वाद तसाच राहू दे.

ठरलं, ३ च्या वाटेने जातोय, फक्त सुधारून. मनात आणखी एक आहे. रिकामी जागा दिसतेय तर सहा मिस केरळ सोडू का? पश्चिम घाटातलेच मासे आहेत, व्हाळाचं दृश्य पूर्ण होईल.

पाणकणीस

दुकानात दिसतात ती पिल्लं, बोटाएवढी. मिस केरळ, म्हणजे सह्याद्रिया डेनिसोनाय, वाढला की १० सेंमीच्या पुढे जातो आणि तो डॅनिओपेक्षा जोरात धावतो. ८८ सेंमी त्याला दोन झेपांची जागा. आपण एवढं मोजून मोकळी केलेली लेन तेच भरून टाकतील. नको.

मांडणी अशी करून बघा. खोड डावीकडे, शेंडा ३३-३४ सेंमीवर आणि पाण्याच्या पृष्ठभागापासून निदान १० सेंमी खाली, म्हणजे वरून डॅनिओंना पूर्ण ८८ मिळतील. सॉइल फक्त डावीकडे: मागच्या कोपऱ्यात १४ सेंमी, पुढे आणि उजवीकडे उतरत ४. एवढा चढ नुसत्या सॉइलचा टिकत नाही, सहा महिन्यांत सपाट होतो. खाली जाळीच्या पिशव्यांत लाव्हा रॉक भरून ठेवा, वर सॉइल टाका. सॉइल आणि वाळूच्या सीमेवर दगडांची ओळ हवी, फटी बारक्या खड्यांनी बुजवलेली. कोरी ती सीमा उकरणारच. सीमा सरळ रेघ नको, एखाद्या ठिकाणी वाळू आत घुसू दे.

झाडांत पानांचा आकार सांभाळा. मोठं पान पुढे आणि बारीक मागे असलं की टाकी खोल वाटते. पुढे खोडाच्या बुंध्याशी वेंडटाय, खोडावर सावलीच्या अंगाला अनुबियास पेटीट, मागच्या डाव्या कोपऱ्यात रोटाला. अनुबियासचं जाड खोड मातीत पुरू नका, कुजतं. रोटाला डावीकडे उंच आणि उजवीकडे उतरती छाटा म्हणजे तीच रेघ खोडाच्या कलाशी जुळेल. आणि उजव्या मागच्या कोपऱ्यात काहीही लावू नका. सगळ्यांचा हात तिथेच जातो.

व्हाळावरचो

गोट्यांचं माझं ऐका. मोठा एकच घ्या, निम्मा पुरा. बाकीचे त्याच्या एकाच बाजूला, खोड ज्या दिशेला झुकलंय त्याच दिशेला, मोठे जवळ आणि बारके लांब. दगड सगळे एकाच जातीचे. आणि आंब्याची नाहीतर बदामाची सुकी पानं चार टाका त्या आडोशाला.

शेवाळशत्रू

बदामाची चालतील, टाकीवाले वापरतातच. आंब्याची टाकून पाहिलेला कुणी आहे का? पाणी पिवळं होईल आणि फोटो बिघडेल ते वेगळंच.

निवळशंख

दगडाबद्दल अडलंय. माझ्याकडे घाटातून आणलेले काळे टोकदार दगड आहेत, दरीतलेच. ते वाळूच्या बाजूला शोभतील?

व्हाळावरचो

टोकदार दगड धबधब्याखाली असतो, सपाट वाळूवर पाण्याने गोल झालेला. दोन्ही एकत्र नको.

तिसरा_डोळा

मला टोकदारच आवडतील. गोल गोटे टाकीत बागेतल्या कडेसारखे दिसतात. ओले करून, कोरडी मांडणी करून दोन्हींचे फोटो टाका, मग बोलू.

पाणकणीस

ओले नक्की करा, कोरडा दगड करडा दिसतो आणि भिजला की काळा, सगळा तोल बदलतो. खोडही आधी भिजत घाला, नाहीतर पाणी भरल्यावर तरंगेल आणि शेंडा कुठल्या सेंटिमीटरवर हा प्रश्नच उरणार नाही.

निवळशंख

खोड बादलीत घातलंय, अजून वर येतंय. रविवारी दोन्ही दगडांचे फोटो टाकतो, एकाच जागेवरून, दोन मीटरवरून आणि एकेक वरून. व्हॅलिस ठेवू की काढू यावर मात्र कुणीच बोललं नाही.

सांजवात

ठेवा हो, हलताना किती छान दिसतं.

पाणकणीस

काढा. धावते कोंब सोडत महिन्याभरात मोकळ्या वाळूत येतं.

व्हाळावरचो

व्हाळात तसलीच लांब पात आसता. ठेवा, पण कुंडीत.